खोली सोडताना बिल नव्हे, रिडिंग पाहा

शाळांचे निकाल लागले, बदल्यांचे आदेश निघाले की नांदुऱ्यात हातगाड्यांवर संसार फिरू लागतात. स्टेशनकडची खोली सोडून कुणी बसस्टँडकडे जातो, कुणी मलकापूर-खामगावची वाट धरतो. पलंग जातो, कपाट जाते, भिंतीवरची तसबीर जपून नेली जाते. मागे राहतो तो विजेचा मीटर, नळ आणि कधीकधी सिलिंडर. या तीन वस्तूंवरून होणारी भांडणे आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. आम्ही कारकून माणसे, आकडे वाचणे हाच आमचा धंदा, म्हणून लोक कागद घेऊन आमच्या ओसरीवर बसतात. यंदा आलेले एक प्रकरण वाचकांपुढे ठेवतो. नावे सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही.

एका जोडप्याने १२ मे रोजी दोन खोल्यांचे घर किरायाने घेतले. आधीचा भाडेकरू ८ मे रोजी सोडून गेला होता. घरमालकाने त्याचे शेवटचे बिल पाहिले, भरल्याची पावती पाहिली आणि अनामत परत केली. सगळे नीटच झाले असे तिघांनाही वाटले. जूनमध्ये नव्या भाडेकरूच्या हाती बिल पडले ३,८९० रुपयांचे. घरात दोन पंखे, तीन दिवे आणि एक कूलर. राहायला येऊन महिनाही झाला नव्हता. घरमालक म्हणाला, "घरात तुम्ही राहता, बिल तुमचं." भाडेकरूची बायको रडकुंडीला आली. जुन्या भाडेकरूला फोन लावला तर तो म्हणाला, "भाऊ, आमी तं सारे बिलं भरले. एकबी थकवलं नाई. पावत्या हायेत मायाजवळ."

आणि तो खरे बोलत होता. घोटाळा तिथेच होता.

आम्ही बिल मांडीवर घेतले आणि रकमेकडे न पाहता आधी दोन आकडे पाहिले, मागील रिडिंग आणि चालू रिडिंग. मागील होते ३,१४०, चालू ३,७८८. फरक ६४८ युनिट. दोन पंखे, तीन दिवे आणि एका कूलरला २२ दिवसांत ६४८ युनिट जळत नाहीत. मग मागची बिले मागवली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि मे या चारही बिलांत मागील रिडिंग ३,१४० आणि चालू रिडिंगही ३,१४० च. तरीही प्रत्येक बिलात वापर ६० युनिट. म्हणजे ही चारही बिले सरासरीची होती.

झाले होते असे. मीटर व्हरांड्यात, व्हरांड्याला जाळी आणि जाळीला कुलूप. जुना भाडेकरू व त्याची पत्नी दोघेही कामावर जाणारे. रिडिंग घेणारा मुलगा दुपारी यायचा, कुलूप पाहून पुढे जायचा. मीटर वाचता आला नाही की कंपनी मागच्या महिन्यांच्या वापरावरून सरासरी काढून बिल देते. मागच्या वर्षी तो एकटा राहत होता, म्हणून सरासरी ६० ची निघाली. जानेवारीत त्याचे कुटुंब आले, फ्रिज आला, पुढे उन्हाळ्यात कूलर लागला. खरा वापर दुपटीच्याही वर गेला, पण बिल ६० चेच येत राहिले. तो बिचारा इमानदारीने भरत राहिला. त्याने बिले भरली होती, वीज भरली नव्हती.

नव्या जोडप्यातली वहिनी दुपारी घरी असते. ३ जूनला रिडिंगवाला आला, तिने जाळी उघडली, खरे रिडिंग लागले आणि साचलेले सगळे युनिट एका बिलात उतरले. सरासरीने भरलेल्या २४० युनिटांचे पैसे कंपनीने त्यातून वळते केले होते. ते बिलात वजा दाखवलेले असते, पण बारीक अक्षरात असल्याने कुणाची नजर जात नाही.

आता ६४८ पैकी नव्या भाडेकरूचे किती? १२ मे रोजी मीटरवर काय आकडा होता हे कुणीच लिहून ठेवले नव्हते. घरमालकाने नाही, जुन्याने नाही, नव्यानेही नाही. तो एक आकडा असता तर हे प्रकरण आमच्याकडे आलेच नसते. मग आम्ही दुसरी वाट धरली. नव्या भाडेकरूला सांगितले, दहा दिवस रोज सकाळी सात वाजता मीटर पाहा आणि वहीत लिहा. दहा दिवसांत ४० युनिट पडले, म्हणजे रोज चार. १२ मे ते ३ जून हे २२ दिवस, म्हणून ८८ युनिट. उरलेले ५६० जुन्याचे. चार महिन्यांत ५६०, म्हणजे महिन्याला १४०. फ्रिज-कूलर असलेल्या घराला हे पटण्यासारखे आहे. अंदाजच तो, पण तिघांनी वही पाहिली आणि मान्य केला.

८८ युनिट व एका महिन्याचा स्थिर आकार मिळून नव्या भाडेकरूकडे ७५० रुपये निघाले. राहिले ३,१४०. जुन्या भाडेकरूला आम्ही दोन्ही टोकांचे आकडे समजावून सांगितले, तेव्हा तो चिडला नाही. म्हणाला, "वापरलं तं द्याच लागन, पन एकदम जमनार नाई." त्याने दोन हप्त्यांत २,००० दिले. बाकीचे १,१४० घरमालकाने सोसले. आमच्या मते ते योग्यच झाले. चार महिने सरासरीचे बिल येत आहे हे पाहण्याचे काम, मीटर ज्याच्या नावावर आहे त्याचे होते.

नव्या माणसाने मागची थकबाकी का भरावी, असा प्रश्न वाचक विचारतील. माणूस म्हणून त्याने भरू नये हे बरोबर. पण कंपनी माणूस पाहत नाही, जागा पाहते. मंडळाच्या काळापासून हेच आहे. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाली, तरी विजेची बाकी जागेला चिकटून राहते हा नियम तसाच राहिला. जागा विकत घेणाऱ्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेही १९ मे २०२३ च्या निकालात हाच नियम उचलून धरला. आधीच्या माणसाची बाकी चुकती केल्याशिवाय नव्याला जोडणी देणार नाही, असे नियमांच्या आधारे वीज कंपनी म्हणू शकते. म्हणून "बाकी माझी नाही" हे म्हणणे घरमालकापुढे टिकते, लाईनमनपुढे टिकत नाही.

मात्र लाईनमन आला आणि लगेच वायर तोडली, असेही चालत नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. भरताना हरकतीचा अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे.

आता नीट निरोप कसा घ्यावा ते सांगतो. ज्या दिवशी किल्ली हातातून जाते त्या दिवशी घरमालक आणि भाडेकरू दोघांनी मीटरसमोर उभे राहावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर आकडे एकामागून एक फिरतात. तारीख येते, वेळ येते, भार येतो. थांबून पाहायचा तो ज्याच्या शेजारी kWh असे दिसते तो आकडा. दशांश चिन्हानंतरचे सोडून द्यावे. मीटरवर छापलेला क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी जुळतो का तेही त्याच वेळी पाहावे. एका वाड्यात चार मीटर ओळीने असले की शेजाऱ्याचा मीटर आपला समजून वर्षानुवर्षे चाललेली घरे आम्ही पाहिली आहेत. मोबाईलवर फोटो काढावा, आकडा कागदावर लिहावा, तारीख घालावी आणि दोघांच्या सह्या कराव्यात. नवा भाडेकरू येईल त्या दिवशी हेच पुन्हा. आता काही ठिकाणी स्मार्ट मीटर बसले आहेत, तिथे रिडिंग आपोआप कंपनीकडे जाते. पण त्या दिवशीचा आकडा दोघांना मान्य असल्याची सही काही आपोआप होत नाही.

हिशेब कसा मांडावा याचे एक उदाहरण सोप्या आकड्यांत घेऊ. ८ जूनला कंपनीचे रिडिंग ६,४१२. जुना २४ जूनला गेला तेव्हा ६,४९८. नवा १ जुलैला आला तेव्हा ६,५००. मधले दोन युनिट घरमालकाने चुना मारताना जाळले. ८ जुलैचे रिडिंग ६,५३२. एकूण १२० युनिट, बिल आले १,११० रुपये, त्यात करासह स्थिर आकार १५० धरू. उरले ९६०, म्हणजे युनिटला ८ रुपये पडले. जुन्याचे ८६ युनिट, ६८८ रुपये. घरमालकाचे २, म्हणजे १६ रुपये. नव्याचे ३२, म्हणजे २५६. स्थिर आकार दिवसांवर वाटायचा. तीस दिवसांचे १५०, म्हणजे रोजचे ५. जुन्याचे १६ दिवस, ८० रुपये. घरमालकाचे ७ दिवस, ३५. नव्याचेही ७ दिवस, ३५. जुन्याने ७६८ द्यायचे, घरमालकाने ५१, नव्याने २९१. बेरीज १,११०.

यावर एक खोचक प्रश्न आम्हाला विचारला गेला आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, त्यापुढच्यांचा बराच जास्त. जुना म्हणतो, माझे ८६ च झाले, मी १०० च्या आत आहे, मला महाग दर का? नवा म्हणतो, मी तर ३२ च जाळले, मी का सोसू? दोघांचेही बरोबर आहे. पण मीटर एक, महिना एक, म्हणून स्वस्त दराचे १०० युनिटही दोघांत मिळून एकदाच मिळतात. ते ज्याच्या-त्याच्या वापराच्या प्रमाणात वाटावे हे आम्हाला न्याय्य वाटते, आणि वरच्या हिशेबात तेच केले आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी खोली घेतानाच वेगळे ठरवून लिहून ठेवावे. महिना संपल्यावर ठरवू नये.

आता कंपनीकडच्या अनामतीविषयी. कंपनी वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल पाठवते. आधीच्या वर्षाचा वापर वाढला असेल तर हे बिल येते. भाडेकरू ते नेहमीचे बिल समजून भरून टाकतो. ही रक्कम विजेची किंमत नसते. ती ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्या खात्यात जमा राहते, म्हणजे भाडेकरूचे पैसे घरमालकाच्या नावावर पडून राहतात. ज्याने भरली असेल त्याने पावती जपावी आणि खोली सोडताना ती रक्कम घरमालकाकडून मागून घ्यावी. आमच्या गल्लीत दहापैकी एखादाच ती मागतो.

मीटरवरचे नाव भाडेकरूने बदलून घ्यावे का? वर्ष-दोन वर्षे राहणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये. नाव घरमालकाचेच राहू द्यावे. बदलायचा तो मोबाईल नंबर. बिलाचा निरोप, रिडिंगचा निरोप, थकबाकीची सूचना हे सगळे नोंदवलेल्या नंबरावर जाते. जुन्या भाडेकरूचा नंबर तसाच राहिला तर तुमच्या घराची सूचना खामगावात वाजते आणि तो ती पुसून टाकतो. ज्या मोबाईलवर निरोप हवा त्यावरून 9930399303 या क्रमांकावर MREG, एक जागा सोडून बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, असा संदेश पाठवला की नोंद होते.

घरमालक स्वतंत्र मीटर घेऊ देत नाही, ना-हरकत देत नाही, अशी तक्रार असते. कलम ४३ मध्ये मालक किंवा कब्जेदार, दोघांच्याही अर्जावर वीज देण्याचे बंधन आहे. आणि केवळ घरमालकाची ना-हरकत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे. आडनाव ऐकून खोली नाकारणारे लोक आपण पाहिले आहेत. खोली मिळाल्यावर वीज-पाणी तोडून बाहेर काढू पाहणारेही पाहिले आहेत. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणे आवश्यक पुरवठा असा तोडणे हा गुन्हा आहे. भाड्याची पावती मात्र हातात हवी. भाडे तोंडी आणि पावती नाही, अशा माणसाला आपण भाडेकरू आहोत हेच आधी सिद्ध करावे लागते.

पाण्याचे फार सांगण्यासारखे नाही. नळ घराचा असतो, नगर परिषदेच्या वहीत तो घरमालकाच्या नावावर आणि मालमत्तेच्या क्रमांकावर असतो. भाडेकरू बदलला म्हणून तिथे काही बदलायचे नसते. जिथे नळाला मीटर नाही तिथे पाणीपट्टी वर्षाची ठरावीक असते, आणि वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणून भाडेकरूने महिन्यांच्या हिशेबाने आपला वाटा द्यावा. खोली घेताना चालू वर्षाची पावती पाहावी आणि तिच्यावरचा मालमत्ता क्रमांक घरपट्टीच्या पावतीवरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही तेवढे पाहावे. जुळत नसेल किंवा पावतीच नसेल तर नळ बिनानोंदीचा असू शकतो. तो एक दिवस तुटतो आणि तुम्ही हंडा घेऊन उभे राहता.

गॅसची गोष्ट मात्र अगदी उलटी आहे. वीज घराची, नळ घराचा, पण गॅसचे कनेक्शन माणसाचे. ते खोलीबरोबर राहत नाही, माणसाबरोबर जाते. तरीही जाणारा भाडेकरू येणाऱ्याला सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन-तीन हजारांना विकून जातो. दोघांनाही सोय वाटते. पण पुस्तक जुन्याच्या नावावर, मोबाईल जुन्याचा. टाकी घरी आली की संकेतांक त्याच्या मोबाईलवर जातो, मग दर वेळी त्याला फोन करून आकडे विचारायचे. सबसिडी असेल तर ती त्याच्या बँकेत. यापेक्षा वाईट वेळ अपघाताची. नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांचा विमा असतो, पण घराच्या नुकसानीची भरपाई नोंदवलेल्या पत्त्यावरच मिळते. दुसऱ्याच्या नावाच्या टाकीने घर जळले तर कागदावर तिथे ग्राहकच नसतो.

जाणाऱ्याने करायचे ते असे. त्याच गावात घर बदलले तर एजन्सीत नवा पत्ता लावून घ्यावा. दुसऱ्या गावी जायचे असेल तर टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करावे. कनेक्शन घेताना मिळालेला जो कागद, ज्याला लोक डिपॉझिटची पावती म्हणतात, तो दाखवावा. त्यावर लिहिलेली अनामत परत मिळते आणि बदलीचा कागद मिळतो. तो कागद नव्या गावच्या एजन्सीत देऊन, अनामत भरून, कनेक्शन पुन्हा सुरू होते. नव्याने कनेक्शन घेणाऱ्यांसाठी १६ जून २०२२ पासून मोठ्या टाकीची अनामत २,२०० आणि रेग्युलेटरची २५० रुपये झाली. पण जुन्या कनेक्शनवाल्याला त्याच्या कागदावर जे लिहिले असेल तेवढेच मिळते, आजचा दर मिळत नाही. शेगडी आणि नळी आपली स्वतःची, ती घेऊन जावी. नळीवर छापलेले साल मात्र पाहावे. पाच वर्षे झाली असतील तर ती बरोबर न नेता बदलावी.

ज्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नाही, ज्यांना दोन-चार महिनेच राहायचे आहे, त्यांनी दुसऱ्याची टाकी विकत घेण्याऐवजी पाच किलोची छोटी टाकी घ्यावी. तिला ओळखपत्र पुरते, पत्ता लागत नाही. किलोमागे महाग पडते हे खरे, पण ती तुमच्या नावाची असते.

त्या जोडप्याने आता जाळीच्या आतल्या बाजूला एक कॅलेंडर टांगले आहे. दर महिन्याच्या ३ तारखेला वहिनी मीटर पाहून त्या चौकोनात आकडा लिहिते. जुलैचे बिल आले तेव्हा तिने आधी कॅलेंडर पाहिले, मग बिल. दोन युनिटांचा फरक होता. रिडिंगवाला दुसऱ्या दिवशी दुपारी आला होता, तेवढाच.